पाच पिशव्या, पण देता येईल अशी एकच

रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून रुजू झालो तेव्हा स्टॉक रजिस्टर म्हणजे रक्तगटांचे आठ रकाने आणि प्रत्येकापुढे पिशव्यांचा आकडा, एवढंच डोक्यात होतं. त्यामुळे रात्रपाळीच्या ड्युटी ऑफिसर मॅडम म्हणाल्या, "बी निगेटिव्ह संपत आलंय, यादीतल्या दात्यांना फोन लावा," तेव्हा मला काही उमगेना. रजिस्टरात लाल पेशींच्या पाच पिशव्या तर दिसत होत्या!

मॅडमनी मला फ्रिजपाशी नेलं आणि एकेक पिशवी रजिस्टरशी ताडून बघायला लावली. दोन पिशव्या वेगळ्या कप्प्यात होत्या. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या चाचण्यांचे निकाल अजून यायचे होते. तिसरीवर क्रॉसमॅच करून सकाळच्या ऑपरेशनच्या पेशंटचं नाव लागलेलं. चौथीची मुदत त्याच रात्री संपत होती. उरली एक. आमच्याकडे या गटासाठी किमान तीन पिशव्या राखायच्या असं ठरलेलं आहे. म्हणजे टंचाईचा इशारा द्यायचा तो या एकावरून, पाचावरून नव्हे. ओ निगेटिव्हच्या लाल पेशी अडीअडचणीला चालतात, पण त्याच पिशव्यांवर बाकीच्या गटांचीही भिस्त असते, म्हणून त्या बी निगेटिव्हच्या हिशेबात धरत नाहीत.

मुदतीचा रकाना तर मला आणखी चकवत होता. आधी आलेली पिशवी आधी द्यायची, असं मी धरून चाललो होतो. पण १ जूनला घेतलेल्या एका पिशवीवर १३ जुलै लिहिलेलं आणि ५ जूनच्या पिशवीवर १० जुलै. कारण पहिलीत लाल पेशी टिकवणारं सॅग-एम हे जादा द्रावण होतं, त्यात त्या ४२ दिवस चालतात; दुसरीत नुसतं सीपीडीए, त्यात ३५. म्हणजे नंतर आलेली पिशवी आधी द्यायची. रजिस्टरची मांडणी संकलनाच्या तारखेने केली, तर हे नजरेतून सुटतं.

सात दिवस आधी मुदतीचा इशारा देण्याची सोय लाल पेशींसाठी ठीक आहे. प्लेटलेटचं आयुष्यच पाच दिवसांचं, तेही २० ते २४ अंशांवर सतत हलवत ठेवल्यावर. तोच नियम लावला की प्लेटलेटची प्रत्येक पिशवी पहिल्या दिवसापासून लाल रंगात दिसते, आणि मग त्या रंगाकडे कुणी बघेनासं होतं. मला हे फार धोक्याचं वाटतं. आम्ही प्लेटलेटचा इशारा मुदतीच्या आदल्या दिवसावर आणला.

आता पाळी बदलताना मी प्रत्येक गटापुढे एकूण, तपासणीत, राखीव, आज मुदत संपणाऱ्या आणि देता येण्याजोग्या असे पाच आकडे लिहितो. मॅडम शेवटचा आकडा आधी वाचतात.