‘येईल’चा नकार

पाथर्डी तालुक्यातल्या माणसाला भविष्यकाळ शाळेच्या आधी पाऊस शिकवतो. मृग लागला की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच क्रियापद असायचं: येईल. आजोबा ओट्यावर बसून गर्भगिरीच्या डोंगराकडे बघायचे आणि म्हणायचे, “येईल, आज ना उद्या येईल.” आर्द्रा कोरड्या चालल्या की बोलणं बदलायचं. “आभाळ भरून येतंय, पण पाऊस काही येईना.” श्रावणही तसाच सरला की आजोबा शेवटचं बोलायचे, “आता नाही यायचा.” त्या वाक्यानंतर घरात कोयते काढायची आणि उसाच्या फडावर जायची भाषा सुरू व्हायची.

तीन वाक्यं, तीन रूपं. ‘येईल’चा नकार म्हणून ‘येईल नाही’ असं कुणी कधी म्हणालं नाही. का म्हणत नाहीत, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला. पुढे मी मराठीचा शिक्षक झालो, तेव्हा तो रोजच्या कामाचाच होऊन बसला.

मराठीत ‘येतो’ला ‘येत नाही’ आहे, ‘आला’ला ‘आला नाही’ आहे. ‘येईल’ला मात्र असा सरळ जोडीदार नाही. नकार द्यायचा तर ‘येईल’ सोडून ‘येणार नाही’कडे जावं लागतं, नाहीतर आजोबांसारखं ‘यायचा नाही’ म्हणावं लागतं. ‘येणार’ सगळ्यांना सारखंच राहतं आणि माणूस कोण ते ‘नाही’ सांगतं: मी येणार नाही, तू येणार नाहीस, ते येणार नाहीत. ‘यायचा’ लिंगवचन पाळतं, म्हणून पाऊस यायचा नाही, पण एसटी यायची नाही. अपवाद ‘असणे’चा. ‘असेल’ला ‘नसेल’ आहे, म्हणूनच “तो आला नसेल” असा अंदाज आपण सहज बांधतो.

याचं कारण मला कॉलेजात मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ वाचताना उलगडू लागलं. हा ग्रंथ 1911 सालचा. तो वाचायला लागल्यापासून मी क्रियापदं सोलून बघू लागलो. ‘येईल’मधला ‘ल’ काढला तर उरतं ‘येई’. हे जुनं रूप. एके काळी ते चालू काळ दाखवायचं, आज आपण ते “आजी रोज देवळात जाई” अशा सवयीच्या भूतकाळात वापरतो. त्याच ‘येई’ला ‘ल’ लागला की ‘येईल’ होतं आणि ‘ना’ लागला की ‘येईना’. म्हणजे पुढची जागा एकच. तिथे ‘ल’ बसला की ‘ना’ला जागा उरत नाही.

‘मी येईन’मधला ‘न’ही इथेच सापडतो. जुन्या भाषेत प्रथमपुरुषी रूपाचा शेवट अनुनासिक होता. त्या नाकातल्या उच्चाराला ‘ल’ चिकटला आणि दोन्ही मिळून ‘न’ झाला, अशी उपपत्ती अभ्यासक देतात. म्हणून मी येईन, पण तो येईल. या ‘न’चा नकाराशी काही संबंध नाही.

नकाराची जुनी जागा बघायची तर जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. प्रवरेकाठच्या नेवाशात, ज्या खांबाला आपण ‘पैस’ म्हणतो त्याच्याजवळ, ज्ञानेश्वरी सांगितली गेली, शके 1212 म्हणजे 1290 साली. त्या भाषेत नकार बहुधा क्रियापदाच्या पुढ्यात उभा असतो: नेणे, नोहे, न करी. ‘न’ आधी, क्रिया मागून. आपल्या ‘नये’, ‘नव्हे’, ‘नसे’ या रूपांत ती जुनी बैठक अजून टिकून आहे. ‘नाही’सुद्धा ‘न’ आणि ‘आहे’ यांचीच जोड. पण ही जोड पुढे क्रियापदाच्या मागे जाऊन बसली आणि वाक्याचा शेवट तिच्या ताब्यात गेला. वर्गात ज्ञानेश्वरीतल्या ओव्या शिकवताना मुलं अर्थापेक्षा या ‘न’पाशी जास्त अडतात, असा माझा अनुभव आहे.

सध्या मी भिंगारला राहतो. आसपास लष्करातली बरीच कुटुंबं आहेत, त्यांची मुलं हिंदी बोलत येतात. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून काही मुलं संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे येतात. ‘उद्याचा रविवार’ या विषयावर एका मुलाने लिहिलेला परिच्छेद असा होता:

“उद्या मी उशिरा उठेल. बाबा दुपारी नाही येतील. आई आणि मी बाजारात जाऊ. बाजारात आंबे मिळेल. पाऊस नाही येईल तर आम्ही चांदबिबीच्या महालावर जाऊ. माझे मित्र आले नाही तर मी रडेल नाही.”

असा परिच्छेद एका दमात सुधारायचा नसतो. आधी प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि विचारायचं, कोण? उठणारा ‘मी’, म्हणून ‘उठेन’. मिळणारे ‘आंबे’, अनेकवचन, म्हणून ‘मिळतील’. ‘आई आणि मी’ म्हणजे आम्ही, तेव्हा ‘जाऊ’ बरोबर आहे, त्याला हात लावायचा नाही.

मग फक्त नकाराची वाक्यं घ्यायची. ‘नाही येतील’ ही हिंदीची चाल आहे, तिथे ‘नहीं’ भविष्यरूपाच्या आधी सुखाने बसतं. मराठीत बाबा आदरार्थी अनेकवचनात, म्हणून ‘येणार नाहीत’. ‘रडेल नाही’चं ‘रडणार नाही’. ‘नाही येणार’ असा क्रम चालतो, त्याने नकारावर जोर येतो, पण रूप ‘येणार’च हवं.

शेवटी ‘तर’ शोधायचं. अट घालताना मराठी सहसा भविष्य वापरत नाही, झालेलं धरून चालते: “पाऊस आला नाही तर”. आणि मित्र अनेक आहेत, म्हणून ‘आले नाहीत तर’. हा शेवटचा ‘त’ मराठी घरातली मुलंही गाळतात, छापील मजकुरातूनही गळतो. बोलताना तो ऐकू येत नाही, म्हणून कानावर विसंबून सापडत नाही; कर्ता बघूनच सापडतो.

‘मी उठेल’बद्दल मात्र मी सावधपणे बोलतो. नगरच्या बाजारात ‘मी येईल’ रोज ऐकू येतं, आणि ‘तो येईन’ म्हणणारेही भेटतात. ती बोली आहे, तिच्यावर लाल रेघ मारण्याचा अधिकार मला नाही. वहीत लिहिताना मात्र ‘न’ आणि ‘ल’ वेगळे ठेवायचे, कारण कर्ता न लिहिताही वाक्य समजायला त्यांचा उपयोग होतो. नुसतं “उद्या येईन” लिहिलं तरी येणारा कोण ते कळतं.

सगळं सुधारून झाल्यावर तो मुलगा म्हणाला, “सर, बाबा येणार नाहीत हे मला पक्कं माहीत नाही. मला फक्त तसं वाटतंय.” त्याची शंका रास्त होती. ‘येईल’मध्ये अंदाज असतो, ‘येणार नाही’ जवळजवळ निकाल देऊन टाकतं. नकार करताना अंदाज हातचा निसटतो. मराठीने त्यावर आपली वाट काढलेली आहे: ‘येतील’ तसंच ठेवायचं आणि नकार दुसऱ्याच क्रियापदावर टाकायचा. मी त्याला वहीत लिहून दिलं, “बाबा दुपारी येतील असं वाटत नाही.” त्याने ते वाचलं आणि आधीचं वाक्य खोडून हे ठेवलं.