मॅडम, मी काय करू?

बी.एड.च्या नोट्समध्ये अस्तित्ववादाला जेमतेम एक पान मिळतं. माणूस आधी जन्मतो आणि मग आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो, म्हणून विद्यार्थी स्वतंत्र आणि शिक्षक फक्त मार्गदर्शक. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण तास संपल्यावर एखादी मुलगी टेबलापाशी घुटमळते आणि विचारते, "मॅडम, मी काय करू?" तेव्हा ते पान मुकं होतं.

हाच प्रश्न ज्याँ-पॉल सार्त्रला त्याच्या एका विद्यार्थ्याने विचारला होता. 29 ऑक्टोबर 1945 रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या गाजलेल्या व्याख्यानात त्याने ती हकिगत सांगितली. या मुलाचा मोठा भाऊ 1940 च्या जर्मन हल्ल्यात मारला गेला होता. वडिलांचं आईशी पटत नव्हतं आणि ते जर्मनांकडे झुकले होते. आईला आधार फक्त याचा. इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सेनेत भरती व्हावं, की आईजवळ राहावं? आईजवळ राहिला तर त्याचा उपयोग डोळ्यांसमोर दिसणार होता. इंग्लंडला निघाला तर वाटेत स्पेनच्या छावणीत अडकण्याची किंवा पोचून कुठल्या तरी ऑफिसात कारकुनी करण्याची शक्यता होती.

सार्त्र म्हणतो, इथे कुठलं तयार उत्तर चालणार? ख्रिस्ती शिकवण सांगते, शेजाऱ्यावर प्रेम कर. पण शेजारी कोण, आई की लढणारा सैनिक? आपल्या कॉलेजात हा प्रश्न जरा जास्तच टोचायला हवा. धर्मगुरूला विचारावं, तर कुठल्या? जर्मनांना सामील झालेल्या की प्रतिकार करणाऱ्या? सल्लागार निवडला की उत्तर जवळजवळ निवडून झालेलंच असतं. म्हणून त्याने मुलाला सांगितलं, तू स्वतंत्र आहेस, तूच निवड.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे हात झटकणं वाटलं होतं. मत बदललं ते एका विद्यार्थिनीमुळे. तिला एम.ए.साठी पुण्याला प्रवेश मिळत होता. घरी आजीचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आई नोकरीवर, आणि आजीला दवाखान्यात नेणारी हीच. मी विचारलं, "अजून कुणाला विचारलंस?" म्हणाली, "काकांना. ते जाऊ नको म्हणाले." "ते तसंच म्हणतील हे तुला माहीत नव्हतं?" "होतं." "मग माझ्याकडे का आलीस?" जरा गप्प राहिली आणि हसली. "तुम्ही जा म्हणाल म्हणून."

खरंच, मी तेच म्हणाले असते. तिला तसं सांगितलंही. पण पुढे म्हटलं, "मी जा म्हणेन, पण मंगळवारी आणि शुक्रवारी आजींना दवाखान्यात मी नेणार नाहीये." माझं मत तिच्यापासून लपवायचं नव्हतं; ते फक्त माझं आहे, त्याची किंमत मी मोजणार नाही, हे तिला दिसायला हवं होतं. मग तिने वहीत दोन्ही बाजूंना नेमकं काय करावं लागेल ते लिहिलं: फी कधी भरायची, आजीला कोण नेईल, वर्षभर थांबलं तर प्रवेशाचं काय. ती इथेच थांबली. मी निवडलं असतं त्याच्या उलट.

शिक्षकाची जबाबदारी खरी इथून पुढे सुरू होते. निवड तुझी, असं म्हणून नंतर "बघ, मी सांगितलं होतं ना" म्हटलं, तर ते स्वातंत्र्य दिलेलंच नव्हतं. दुसरी खूण मुलांकडे असते. बोलताना ती आपला चेहरा वाचत असतील तर ती निवडत नाहीत, आपलं उत्तर ओळखत असतात.

म्हणजे गुरू-शिष्य अगदी बरोबरीचे? तसंही नाही. मार्टिन बूबरने 1925 साली हायडेलबर्गच्या भाषणात हा फरक नेमका पकडला. शिक्षकाला आपल्या जागी उभं राहून विद्यार्थ्याच्या जागेवरूनही पाहावं लागतं. विद्यार्थ्याने उलट शिक्षकाच्या जागी जावं, अशी अपेक्षा धरता येत नाही. मैत्रीत हे दोन्हीकडून होतं, शिकवण्यात एकाच बाजूने. त्यामुळे सहावीतल्या मुलाला आयुष्याचा निर्णय नाही, त्याच्या मापाचा निर्णय द्यायचा: निबंधाचा विषय कुठला, आणि तो अर्धवट राहिला तर वर्गाला काय सांगायचं, हेही त्यानेच ठरवायचं.

आपल्याकडे गीतेच्या अठराव्या अध्यायात कृष्ण सगळं सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. लगेच पुढे तो शरण यायलाही सांगतो, हे खरं. तरी क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी गुरू आपल्याजवळचं सगळं मोकळेपणाने मांडतो, मग बाजूला होतो. सार्त्रच्या उत्तरात मला या पहिल्या अर्ध्याची उणीव भासते. आणि आपल्या वर्गांत बहुतेक वेळा दुसरा अर्धा राहून जातो.