पुराचं पाणी आणि नुसतं पाणी

सांगलीत माझ्या मामूंचं कापडाचं दुकान आहे. आमच्या साताऱ्याकडून खाली वाहत जाणारी कृष्णा ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली होती. त्यानंतर मामूंनी आपली इंग्रजी विमा पॉलिसी माझ्याकडे पाठवली. म्हणाले, "बेटा, सगळं मराठीत लिहून दे. काय मिळतं, काय नाही, ते मला कळू दे."

आगीच्या त्या प्रमाणित पॉलिसीत वादळांच्या यादीच्या शेवटी दोन शब्द येतात : 'फ्लड' आणि 'इनन्डेशन'. दोन्हींना मिळून 'पूर' लिहिलं की काम संपतं, पण दुकानदाराचं नुकसान होतं. नदी पात्राबाहेर न येताही, गटारं उलटून रस्त्यावर साचलेलं पाणी दुकानात शिरलं, तर 'हा काही पूर नव्हे' म्हणून तो दावाच करणार नाही. उलट 'पाण्यामुळे झालेलं नुकसान' लिहिलं, तर पत्र्यातून रोज ठिबकणारं पाणीही विम्यात आहे असं त्याला वाटेल. ते विम्यात नाही. म्हणून मी लिहिलं : 'पूर आला किंवा जागा पाण्याखाली गेली, तर त्यामुळे थेट झालेलं नुकसान.' यातला 'थेट' शब्द मूळ इंग्रजीत आहे. तो गाळला की विमा कागदावर आपोआप मोठा होतो.

दाव्याच्या अटीतही असंच. मूळ वाक्य असं : नुकसान होताच कंपनीला ताबडतोब कळवावं, आणि 15 दिवसांत लेखी दावा तपशिलासह द्यावा, 'किंवा कंपनी लेखी परवानगी देईल तेवढ्या वाढीव मुदतीत'. हा शेवटचा तुकडा भाषांतरात सहज गळतो. दुकानात कित्येक दिवस पाणी असेल, तर भिजलेल्या मालाची यादी वेळेत कशी होणार? ज्याला हा तुकडा ठाऊक आहे, तो मुदत संपण्याआधीच लेखी वाढ मागेल. मात्र 'मुदत वाढवून मिळते' असंही लिहिता येत नाही. देणं न देणं कंपनीच्या हातात आहे.

शेवटी मी भाषांतराला तीन प्रश्न विचारले. नदीचं पाणी शिरलं तर? गटाराचं शिरलं तर? छत गळलं तर? इंग्रजीतून आणि मराठीतून तिन्ही उत्तरं सारखी यायला हवीत. एक जरी वेगळं आलं, तर मी फक्त भाषा बदललेली नाही, करार बदलला आहे.

समजावून सांगायची उदाहरणं मी कलमांत मिसळली नाहीत. ती खाली 'टीप' म्हणून वेगळी दिली, आणि वर लिहिलं : वाद झाल्यास इंग्रजी पॉलिसीच ग्राह्य. ते वाचून मामूंनी विचारलं, "मग मराठीचा उपयोग काय?" मी म्हटलं, "मामू, पाणी शिरल्यावर पहिला फोन कुणाला करायचा आणि काय मागायचं, हे कळायला."