भवानीनगर कुणाच्या बाजूला?

नव्वदच्या दशकात बारामतीच्या आमच्या ठिबकच्या दुकानात चौकशांची एकच जाड वही होती. नाव, गाव, पीक, एकर आणि शेवटच्या रकान्यात विक्रेत्याचं आद्याक्षर. ते आद्याक्षर मालक, म्हणजे अण्णा, गाव ऐकताक्षणी टाकत. निमगाव केतकी, बावडा म्हटलं की इंदापूरचा पोरगा. सणसर, भवानीनगर म्हटलं की बारामतीचा. इंदापूरला निरोप जायचा तो एसटीच्या कंडक्टरजवळ दिलेल्या चिठ्ठीतून, नाहीतर पोरगा संध्याकाळी एसटीडी बूथवरून फोन करायचा तेव्हा. मग त्याची मोटरसायकल ज्या दिवशी त्या अंगाला वळेल, त्या दिवशी शेतकऱ्याला उत्तर. कधी चार दिवस, कधी आठवडा. शेतकरी थांबायचा, कारण त्याच्या खिशात दुसऱ्या दुकानाचा नंबर नसायचा. वहीचं पान उलटलं की काही चौकशा कायमच्या गडप व्हायच्या, हेही खरं. आता आठवणींत रमताना आम्ही तेवढं सोयीनं विसरतो.

आता तोच शेतकरी मोबाइलवर फॉर्म भरतो आणि काही पोर्टल ती एकच चौकशी एका वेळी अनेक विक्रेत्यांना विकतात. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये 2011 साली अमेरिकेतल्या 2,241 कंपन्यांची पाहणी छापून आली होती. तासाभरात उत्तर देणाऱ्या निघाल्या फक्त 37 टक्के, आणि 23 टक्क्यांनी तर उत्तरच दिलं नाही. तासाच्या आत फोन करणाऱ्याला ग्राहकाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता त्यानंतर तासाभरानं फोन करणाऱ्याच्या जवळजवळ सातपट होती. म्हणून दुकानातल्या सीआरएमला नियम घातला: चौकशी आली की विक्रेत्याच्या फोनवर सूचना, 5 मिनिटांत फोन नाही केला तर ती पुढच्या विक्रेत्याकडे, 15 मिनिटं झाली की व्यवस्थापकाकडे.

वेळेचा नियम बसवणं सोपं गेलं. घोळ झाला तो वाटपात. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यानं तालुक्यानुसार वाटणी केली: इंदापूर तालुका इंदापूर शाखेला. कागदावर चोख. पण भवानीनगर इंदापूर तालुक्यात असलं तरी बारामतीला जवळ, इंदापूर त्याहून बरंच लांब. भिगवणचंही तसंच. फोन पाच मिनिटांत जायचा, पण इंदापूरचा पोरगा शेतावर पोचायला दोन दिवस लावायचा, आणि तोवर बारामतीचं दुसरं दुकान मोजमाप घेऊन मोकळं. आकड्यांत सगळं हिरवं, विक्री मात्र घसरलेली. शेवटी गावांची यादी केली आणि प्रत्येक गावापुढे तालुक्याऐवजी ‘बाजू’ लिहिली. ती सांगायला अण्णांनाच बसवावं लागलं.

पिनकोडनंही दगा दिला. फॉर्म भरणारा बऱ्याचदा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा; शेत सणसरला, पण पिनकोड हिंजवडीचा. अशी चौकशी कुठल्याच नियमात न बसता ‘इतर’ नावाच्या रांगेत पडून राहायची आणि ती रांग कुणाच्याच नावावर नव्हती. मग फॉर्मवरचा प्रश्न बदलला: ‘तुमचा पिनकोड’ काढून ‘शेत कोणत्या गावात?’ असं विचारलं, आणि गाव टाइप करायला न लावता यादीतून निवडायला दिलं. ‘निमगाव’ एवढंच लिहिलं तर कोणतं निमगाव, हे यंत्राला कसं कळणार? ‘इतर’ रांगही एका माणसाच्या नावावर केली.

पोरांनी 5 मिनिटांच्या घड्याळावरही तोड काढली. सूचना आली की रेकॉर्ड उघडून ‘फोन केला’ असं टिपून टाकायचं, घड्याळ थांबलं. सुगावा लागला तो कॉलच्या नोंदी बाजूला ठेवून पाहिल्यावर: फोन केल्याची खूण आहे, पण कॉल चार सेकंदांचा, म्हणजे बोलणंच झालेलं नाही. तेव्हापासून घड्याळ पहिल्या खुणेवर न थांबता पहिल्या खऱ्या संभाषणावर थांबतं. सरासरीऐवजी मधला आकडा बघतो, कारण एखादी दोन दिवस पडून राहिलेली चौकशी सगळी सरासरी ओढून नेते.

रात्रीचं गणित वेगळं. कृषिपंपाची वीज रात्रपाळीला असली की माणूस बांधावर बसून मोबाइल चाळतो, आणि दोन वाजता चौकशी येते. तिला पाच मिनिटांत फोन करण्यात अर्थ नाही. रात्री 9 नंतर आलेल्यांना व्हॉट्सॲपवर नुसती पोच जाते, घड्याळ सकाळी 8 ला सुरू होतं. पण त्या सगळ्या एकदम 8 ला सुटल्या तर पहिल्या दोघांच्या डोक्यावर ढीग पडतो, म्हणून आज कामावर हजर आहे त्यालाच, आणि हातात उघड्या चौकशा ज्याच्या कमी त्याला आधी, असा क्रम लावला. रजेवरच्या पोराचं नाव वाटपातून काढायचं राहिलं की अजूनही गोंधळ होतो.

भवानीनगर सुटलं, भिगवणचा तंटा चालूच आहे. दोन्ही शाखांना ते हवंय, कमिशनचा प्रश्न. महिनाअखेरीला यादी उघडली की कुणीतरी म्हणतंच, “अण्णा, भिगवण एकदा आमच्याकडे टाकून बघा.”