रागाचा मजकूर आणि नोटिशीचा मसुदा

दुकानात सहा-सात माणसे कामाला असली की मालकाचे आणि नोकराचे बोलणे घरच्यासारखे होते. बरे दिवस असतात तोवर त्यात गोडवा असतो, पण कुरबूर झाली की तेच बोलणे भ्रमणध्वनीवर लेखी पुरावा होऊन बसते. बँकेतील नोकरीत कारणे दाखवा नोटिशीचे मसुदे मला अनेकदा करावे लागले. निवृत्तीनंतर तेच काम एकदा भाच्याच्या कापड दुकानासाठी करण्याचा प्रसंग आला.

त्याचा विक्रेता 3 जूनपासून न सांगता गैरहजर होता आणि फोनही उचलत नव्हता. 9 तारखेच्या रात्री भाच्याने त्याला व्हॉट्सॲपवर लिहिले, “सणासुदीला उचल दिली ती विसरलास. दहा हजार घेऊन पळालास, चोर आहेस. दर वेळी तुझे हेच. आता उद्यापासून दुकानाची पायरी चढू नकोस.” नंतर तो मला म्हणाला, “मामा, हेच जरा कायद्याच्या भाषेत बसवून द्या.”

तो मजकूर तसाच कायद्याच्या भाषेत बसणारा नव्हता. सर्वांत घातक होते ते शेवटचे वाक्य. तोवर गैरहजेरी नोकराची होती. “पायरी चढू नकोस” असे लिहिताच, मालकानेच मला येऊ दिले नाही, असे म्हणण्याची सोय त्याला झाली. म्हणून नोटिशीत पहिल्यांदा हे स्पष्ट करणे भाग होते की सेवा समाप्त केलेली नाही आणि त्याने कामावर हजर व्हावे.

“चोर” हा शब्द गाळला. उचल हे येणे आहे, ते हिशेबाच्या वहीत राहील. गैरहजेरीच्या नोटिशीत ते मिसळले की मूळ मुद्दा बाजूला पडतो. “दर वेळी तुझे हेच” याच्या तारखा भाच्याला विचारल्या. हजेरीपटात मागील वर्षात न कळवता घेतलेली एकच रजा निघाली. एका रजेचे “दर वेळी” होत नाही, म्हणून तेही वगळले. “तू” जाऊन “आपण” आले. उरला तो मजकूर असा :

“आपण दिनांक 3 जूनपासून रजेचा अर्ज न करता व कोणतीही सूचना न देता कामावर गैरहजर आहात. दिनांक 4, 6 व 8 जून रोजी आपणांस दूरध्वनी केले, परंतु संपर्क झाला नाही. दिनांक 9 जूनचा व्हॉट्सॲप संदेश मागे घेण्यात येत आहे; त्याने आपली सेवा समाप्त झालेली नाही. आपण तात्काळ कामावर हजर व्हावे. या गैरहजेरीबद्दल आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा, असल्यास कागदपत्रांसह, ही नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत करावा. खुलासा न आल्यास उपलब्ध नोंदींवरून पुढील निर्णय घेतला जाईल.”

“एवढे मऊ?” असे भाच्याने विचारले. त्याला मी डी. के. यादव यांच्या खटल्याचा 1993 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. तेथे कंपनीच्या नियमांतच आठ दिवसांहून अधिक गैरहजेरी म्हणजे नोकरी सोडली असे धरण्याची तरतूद होती. तरीही म्हणणे मांडण्याची संधी न देता कामगाराचे नाव काढणे न्यायालयाने अमान्य केले. कंपनीला त्याला परत घ्यावे लागले आणि मागील पगाराचा निम्मा भागही द्यावा लागला. म्हणून “का करण्यात येऊ नये” हे शब्द शोभेचे नाहीत. निर्णय अजून झालेला नाही, हे त्यांतून दिसले पाहिजे. “आपण नोकरी सोडली आहे, सबब खुलासा करा” असे लिहिले, तर शिक्षा आधी आणि चौकशी मागाहून, असा अर्थ निघतो.

नोटीस त्याच्या गावच्या, दुकानात नोंदलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवली आणि पावती फायलीला लावली. प्रत व्हॉट्सॲपवरही दिली. लखोटा परत आलाच, तर तो न फोडता, पोस्टमनच्या शेऱ्यासह तसाच ठेवावा, असे भाच्याला सांगून ठेवले होते.

तशी वेळ आली नाही. पाचव्या दिवशी तो विक्रेता खुलासा घेऊन आला. गावी गेल्यावर कावीळ निघाली होती आणि रक्ततपासणीचा अहवाल 5 जूनचा होता. आजार खरा होता, पण निरोप का धाडला नाही, याला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. भाच्याने दोन्ही गोष्टी वेगळ्या तोलल्या. गैरहजेरीचे दिवस बिनपगारी धरले, न कळवल्याबद्दल लेखी समज दिली आणि त्याला कामावर घेतले. उचलीची रक्कम पूर्वी ठरल्याप्रमाणे हप्त्यांनी वळती होत आहे. त्या रात्रीचा मजकूरच शेवटचा शब्द ठरला असता, तर आजारी माणसाला चोर म्हणून हाकलले, एवढीच नोंद दुकानाच्या नावावर राहिली असती.