कोरं रजिस्टर

आमच्या रुग्णालयात प्रत्येक वॉर्डात चुकांची नोंद करायला एक रजिस्टर असे. ज्या वॉर्डाचं रजिस्टर कोरं, त्याचं महिन्याच्या मीटिंगमध्ये कौतुक होई. मी इन्चार्ज सिस्टर झाले तेव्हा मला त्या कौतुकाचं नवल वाटे. तीस खाटा, तीन पाळ्या, प्रत्येक पेशंटला रोज चार-पाच औषधं आणि महिनाभरात एकही चूक नाही? चुका होत असणारच, त्या फक्त कुणी लिहीत नव्हतं.

पुढे कळलं की अमेरिकेतल्या एमी एडमंडसन या संशोधक बाईंनाही असाच अनुभव आला होता. रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरचा त्यांचा अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. ज्या वॉर्डातली माणसं एकजुटीनं काम करतात तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटेच निघाले. चांगल्या वॉर्डांत चुकांच्या नोंदी जास्त होत्या! कारण शोधलं तेव्हा दिसलं, की तिथल्या नर्सेस चुका अधिक करत होत्या असं नव्हे, त्या चुका सांगायला घाबरत नव्हत्या. 'आपण बोललो तर इथे आपला पाणउतारा होणार नाही' हा सगळ्यांना मिळून वाटणारा विश्वास म्हणजे मानसिक सुरक्षितता. 1999 साली त्यांनी तिची नीट व्याख्या मांडली.

आमच्या वॉर्डातली एक गोष्ट सांगते. एका दुपारी पाळी बदलताना एक नवी मुलगी हळूच म्हणाली, "सिस्टर, मी सलाइनची अँप्यूल समजून पोटॅशियम क्लोराइडची उचलली होती. फोडण्याआधी लेबल वाचलं म्हणून बरं." हे औषध पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं. "लक्ष कुठे असतं तुझं?" एवढे चार शब्द मी बोलले असते, तर ती पुन्हा कधी काही सांगती ना. मी म्हटलं, "बरं झालं सांगितलंस. चल, कुठून उचललीस ते दाखव."

खण उघडला. दहा मिलिलिटरच्या दोन्ही अँप्यूल एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या टोपीच्या, शेजारशेजारच्या खोक्यांत. स्टोअरने कंपनी बदलली होती. आम्ही बोलत असतानाच एक जुनी सिस्टर म्हणाली, "माझंही गेल्या आठवड्यात असंच झालं होतं." मग आणखी एक बोलली. तीन जणींचा हात तिथेच चुकला होता, पण पहिली बोलेपर्यंत बाकीच्या गप्प होत्या. त्याच दिवशी पोटॅशियम वेगळ्या कुलपाच्या कपाटात गेलं, त्यावर लाल चिठ्ठी लागली आणि ते काढताना दोघींनी लेबल वाचायचं असं ठरलं. पाळी बदलताना मी त्या मुलीचे सर्वांसमोर आभार मानले.

त्यानंतर मी काही साध्या सवयी लावून घेतल्या. चूक कानावर आली की पहिला प्रश्न "कुणी केलं?" नसून "काय झालं?" असा. "काही अडचण आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, म्हणून मी विचारी, "आज कुठल्या औषधाच्या वेळी घोटाळा होता होता राहिला?" सर्वांत नवी असेल तिला आधी बोलू द्यायचं, कारण मोठ्या बोलल्या की धाकट्या नुसत्या मान डोलावतात. आणि ज्या अडचणीची तक्रार आली तिचं पुढे काय केलं, ते आठवड्याच्या आत सांगायचं. काहीच झालं नाही तर लोक भीतीनं नव्हे, कंटाळून गप्प होतात.

याचा अर्थ सगळं माफ असा नव्हे. हात चुकणं वेगळं आणि इंजेक्शन न देताच दिल्याची सही करणं वेगळं. तशी सही करणाऱ्या एकीला मी लेखी समज दिली होती, आणि ती का दिली हे सर्वांना ठाऊक होतं. ही रेघ स्पष्ट असली तरच बाकीच्यांना बोलायचा धीर होतो. शिवाय हे सारं वरिष्ठांच्या हातातही असतं. एकदा वरच्या ऑफिसने रजिस्टरमधली नोंद पाहून एका सिस्टरचा पगार कापला. पुढचे दोन महिने पानं पुन्हा कोरी राहिली!

आपल्या हाताखाली चार माणसं असतील, मग ती दुकानात असोत की बँकेत, तर एवढं पाहा. वाईट बातमी तुम्हाला आधी त्यांच्याकडून कळते की गिऱ्हाईकाकडून? आमच्या वॉर्डात हळूहळू 'होता होता राहिलं' अशा नोंदी वाढल्या आणि प्रत्यक्ष पेशंटपर्यंत पोचलेल्या चुकांच्या नोंदी कमी झाल्या. मीटिंगमध्ये मात्र माझं रजिस्टर सर्वांत जाड म्हणून मला बरेच दिवस टोमणे ऐकावे लागले.