सेशन संपलं, पैसे गेले की नाही?



मोबाइलवरून पैसे पाठवताना ओटीपी टाकला, ‘कन्फर्म’ दाबलं, चक्र फिरत राहिलं आणि एकदम पाटी आली, ‘Session timed out’. पैसे गेले म्हणावं तर तसा संदेश नाही, गेले नाहीत म्हणावं तर तसंही कुठं लिहिलेलं नाही. अशा वेळी घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, “परत पाठव की, त्यात काय!” पण ते ‘परत पाठव’ कधी चालतं आणि कधी अजिबात चालत नाही, हे आज सांगते.

आधी सेशन म्हणजे काय ते बघू. आपण लॉगिन करतो तेव्हा आपल्या मोबाइलचं आणि बँकेचं बोलणं सुरू होतं. काही मिनिटं आपण काही केलं नाही, किंवा रेंज गेली, तर सुरक्षेसाठी बँक ते बोलणं तोडते. तुटतं ते बोलणं. त्याआधी आपण जो हुकूम दिलेला असतो, तो काही आपोआप रद्द होत नाही. रजिस्टर पत्र पोस्टात दिलं आणि पोचपावती आली नाही, म्हणून पत्र गेलंच नाही असं आपण म्हणतो का? तसंच हे. म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, पाटी आली ती शेवटचं बटण दाबण्याआधी की नंतर? नाव, रक्कम भरतानाच आली असेल तर हुकूम गेलेलाच नाही, निर्धास्त राहा. ओटीपी देऊन शेवटचं बटण दाबल्यावर आली असेल, तर हुकूम बँकेत पोचलेला असू शकतो.

आमच्याकडे गेल्या महिन्यात नेमकं दुसरंच झालं. नणंदेचं ऑपरेशन ठरलं आणि दवाखान्यात भरायला पंचेचाळीस हजार भाच्याच्या खात्यावर पाठवायचे होते. खात्यात एक लाख आठ हजार होते. त्यातूनच पाच तारखेला मेडिक्लेमचा साडेएकतीस हजारांचा हप्ता आपोआप कापला जाणार होता. पैसे लगेच पोचावेत म्हणून आयएमपीएस निवडलं. संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, स्वयंपाक उरकून दिवस मावळायच्या आत ताटं घ्यायची गडबड. ‘कन्फर्म’ दाबलं आणि ती पाटी आली.

मी कॅलेंडरवर वेळ लिहून ठेवली आणि मोबाइल खाली ठेवला. मागे जायचं बटण दाबत बसले नाही. थोड्या वेळाने पुन्हा लॉगिन केलं आणि थेट स्टेटमेंट उघडलं. नुसती शिल्लक बघून भागत नाही. शिल्लक कधी जुनीच दिसत राहते, कधी मधेच दुसरी एखादी रक्कम कापली जाते आणि आपला घोटाळा होतो. स्टेटमेंटमध्ये ओळ दिसते. माझ्या स्टेटमेंटमध्ये पंचेचाळीस हजार नावे पडलेले होते आणि शेजारी आयएमपीएसचा बारा आकडी नंबर होता. म्हणजे माझ्या खात्यातून पैसे निघाले होते. भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, “मामी, इकडं काहीच आलं नाही. तुम्ही परत पाठवा ना, काउंटरवाले थांबलेत.” हेही म्हणाले, “पाठव, दवाखान्याचं काम आहे.”

मग पैसे होते कुठं? ज्यांनी कॉमर्स केलंय त्यांना ट्रायल बॅलन्स आठवत असेल. एका खात्याला नावे पडलं की कुठल्यातरी खात्याला जमा झालंच पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर फरक आपण सस्पेन्स खात्यात ठेवायचो. इथंही साधारण तसंच असतं. माझी बँक पैसे कापून निरोप पुढं पाठवते, मध्ये एनपीसीआयची यंत्रणा असते, पलीकडे भाच्याची बँक. पलीकडून ‘जमा केले’ असं उत्तर वेळेत आलं नाही, तर माझ्या बँकेलाही माझ्यासारखाच प्रश्न पडतो. ती रक्कम अधांतरी ठेवते आणि नंतर बँकांचे हिशेब जुळवताना ठरतं, पलीकडे जमा करायची की मला परत द्यायची. पैसा हवेत विरत नाही, कुठल्यातरी खात्यात असतोच.

म्हणूनच मी परत पाठवलं नाही. पाठवले असते आणि दोन्ही रकमा पोचल्या असत्या, तर नव्वद हजार जाऊन खात्यात अठरा हजार उरले असते आणि मेडिक्लेमचा हप्ता चुकला असता, तोही घरात आजारपण असताना. भाच्याने पैसे परत केले असतेच म्हणा. पण समोर अनोळखी दुकानदार असेल तर? भाच्याला तो बारा आकडी नंबर पाठवला. त्याच नंबरावरून त्याची बँकही रक्कम शोधू शकते. नंदाव्यांनी आपल्या कार्डावरून वीस हजार भरले, उरलेले सकाळी घेऊ असं काउंटरवर कबूल झालं आणि नणंदेला दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पंचेचाळीस हजार भाच्याच्या खात्यात जमा झाले.

आता यातून काय लक्षात ठेवायचं? स्टेटमेंटमध्ये ओळ नसेल, तर लगेच ‘गेले नाहीत’ म्हणू नका. अर्धा-एक तास थांबून पुन्हा बघा, समोरच्याला विचारा, बँकेच्या हेल्पलाइनवर खात्री करा, मगच पुन्हा पाठवा. ओळ असेल आणि समोर जमा नसेल, तर पुन्हा पाठवायचं नाही. आयएमपीएसमध्ये अशी रक्कम जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्या खात्यात परत यायला हवी. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने स्वतःहून द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर 2019 चा नियम आहे. परत आली की स्टेटमेंटमध्ये जमेची ओळ दिसते. ती दिसल्यावर खुशाल नव्याने पाठवा.

एनईएफटी केलं असेल तर घाई आणखीच नको. ते दर अर्ध्या तासाच्या फेरीने जातं आणि फेरीनंतर जमा व्हायला दोन तासांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढ्यात पोचलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

मुदत उलटली तर बँकेकडे लेखी तक्रार करा. तारीख, वेळ, रक्कम आणि तो नंबर लिहा, तक्रारीचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं.

एक मात्र सांभाळा. हेल्पलाइनचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, इंटरनेटवर शोधून नको. अडकलेले पैसे परत देतो म्हणून कुणी ओटीपी किंवा पिन मागितला, तर फोन ठेवून द्या. परत येणाऱ्या पैशाला आपला ओटीपी लागत नाही.

घरखर्चाच्या वहीत मी अशी रक्कम आधी पेन्सिलने लिहिते, शेजारी तो नंबर. समोरून ‘जमा झाले’ असा फोन आला की मग पेनाने.